हप्ता तेवढाच, व्याज पावणेतीन पट

गाडीचं कोटेशन हातात आलं. त्यावर तीन आकडे ठळक होते: गाडी दारात येईपर्यंत १० लाख, रोख भरायचे २ लाख, हप्ता १२,८७१ रुपये. मुदत खाली बारीक अक्षरात होती, ८४ महिने. व्याजदर त्याहून बारीक, वर्षाला ९ टक्के, घटत्या शिलकीवर. एकूण व्याज किती हा आकडा कागदावर कुठेच नव्हता. तो काढायला गुणाकार आणि वजाबाकी पुरते: १२,८७१ गुणिले ८४ म्हणजे साधारण १० लाख ८१ हजार, त्यातून मुद्दल ८ लाख वजा केले की २ लाख ८१ हजार उरतात.

शेवटी याच गाडीसाठी जे कर्ज घेतलं ते ५ लाख २० हजारांचं, ४८ महिन्यांचं. हप्ता १२,९४०, म्हणजे कोटेशनमधल्या हप्त्यापेक्षा फक्त ६९ रुपये जास्त. व्याज मात्र १ लाख १ हजार. इथपर्यंत कसं पोचलो आणि वाटेत कुठले हिशोब फसवे निघाले, ते क्रमाने मांडतो.

सुरुवात गाडीच्या किमतीपासून न करता महिन्याच्या रकमेपासून केली, कारण कर्ज शेवटी त्यातूनच फिटतं. घरखर्च आणि ठरलेली बचत बाजूला काढल्यावर गाडी या एका बाबीवर महिन्याला २०,००० निघतील असा अंदाज आला. हे २०,००० हप्त्याचे धरले की पहिली चूक तिथेच होते. इंधन, सर्व्हिसिंग, वर्षाच्या विम्याचा बारावा भाग आणि काही वर्षांनी येणाऱ्या टायर-बॅटरीसाठी दरमहा ठेवायची रक्कम, हे सगळं त्याच २०,००० मधून जाणार असतं. ते ७,००० धरले. हप्त्याला उरले १३,०००.

हा आकडा कागदावर सोपा दिसतो, म्हणून तो आधी वापरून पाहिला. तीन महिने पगाराच्या दुसऱ्या दिवशी १३,००० वेगळ्या खात्यात टाकले आणि त्यांना हात लावला नाही. तीन महिने यासाठी, की एखादा महिना कोणालाही निभावता येतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत एखादं वार्षिक बिल किंवा दुरुस्ती हमखास आडवी येते. या काळात ते १३,००० परत काढावे लागले, तर हप्त्याची खरी ताकद तेवढी नाही असं समजावं. शिवाय या प्रयोगातून ३९,००० जमतात. ते पुढे रोख रकमेत घालता येतात.

आता मुदतीचा प्रश्न. त्यासाठी दर लाखामागचा हप्ता काढून ठेवला, कारण एकदा तो माहीत असला की कुठल्याही रकमेचा हिशोब तोंडी होतो. ९ टक्के दराने एका लाखाला ३ वर्षांत ३,१८० चा हप्ता पडतो, ४ वर्षांत २,४८९, ५ वर्षांत २,०७६, ६ वर्षांत १,८०३ आणि ७ वर्षांत १,६०९. त्या एका लाखावरचं एकूण व्याज याच क्रमाने १४,४७९, १९,४४८, २४,५५०, २९,७८४ आणि ३५,१४८.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की मुदतीचा सगळा स्वभाव दिसतो. व्याज दर वाढीव वर्षाला जवळजवळ सारखंच वाढतं, लाखामागे ५,००० ते ५,४०० नी. हप्ता मात्र सारखा कमी होत नाही. ३ वरून ४ वर्षांवर गेलं की लाखामागे ६९१ रुपये हलके होतात. ४ वरून ५ वर गेलं की ४१३. पुढच्या वर्षाला २७३, आणि शेवटच्या वर्षाला फक्त १९४. म्हणजे प्रत्येक जादा वर्षाची किंमत जवळपास तीच, आणि त्या किमतीत मिळणारा दिलासा दर वेळी आटत जातो.

६ लाखांच्या कर्जावर हे आणखी स्पष्ट होतं. ५ वर्षांचा हप्ता १२,४५५, ६ वर्षांचा १०,८१५. फरक १,६४० चा, आणि महिन्याला तेवढे वाचले की बरं वाटतं. पण काय घडलं ते नीट पाहा. साठ महिने १,६४० वाचवून एकूण ९८,४०० हातात राहिले. एकसष्टाव्या महिन्यापासून, जेव्हा पहिलं कर्ज संपलेलं असतं, तेव्हा आणखी १२ हप्ते भरायचे, म्हणजे १,२९,७८०. थोडक्यात ९८,४०० वापरायला मिळाले आणि १,२९,७८० परत केले. हीच तुलना ३ आणि ४ वर्षांत केली तर जादा व्याज साधारण २९,८०० पडतं, पण महिन्याचा दिलासा ४,१४९ चा असतो. म्हणून ३ वरून ४ वर जाणं बहुतेकांना परवडतं, ४ वरून ५ वर जाण्याचा विचार करावा लागतो, आणि ५ च्या पुढे जाताना हप्ता खरोखर अडतो आहे का हे स्वतःला विचारावं. माझं मत विचाराल तर ५ च्या पुढे जावंसं वाटत असेल तेव्हा मुदतीपेक्षा गाडीची किंमतच तपासावी.

एक खुलासा इथेच करतो. लांब मुदतीचं कर्ज दराने महाग नसतं, दर तोच ९ टक्के राहतो. व्याज वाढतं ते मुद्दल सावकाश उतरतं म्हणून. ६ लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज कुठल्याही मुदतीला ४,५०० च आहे. ३ वर्षांच्या कर्जात १९,०८० च्या हप्त्यातले १४,५८० मुद्दलात जातात. ७ वर्षांच्या कर्जात हप्ता ९,६५३, त्यातले मुद्दलात फक्त ५,१५३. दुसऱ्या महिन्याचं व्याज उरलेल्या शिलकीवर लागतं, आणि एकीकडे शिलक झरझर उतरते, दुसरीकडे जागची हलत नाही. वाचलेले १,६४० दरमहा कुठेतरी ९ टक्क्यांहून जास्त कमावत असतील, तर लांब मुदत तोट्याची नाही. ते घरखर्चात विरघळणार असतील, तर तोटा पूर्ण आपला.

आता हाच हिशोब उलटा फिरवला: १३,००० चा हप्ता धरला तर किती कर्ज बसतं? ४ वर्षांत ५ लाख २२ हजार. ५ वर्षांत ६ लाख २६ हजार. ७ वर्षांत ८ लाख ८ हजार. विक्रीच्या टेबलावर हाच जिना वापरतात. "हप्ता तेवढाच ठेवू, वरचं मॉडेल घ्या," असं म्हणतात तेव्हा हप्ता खरंच तेवढाच राहतो. ४ वर्षांवरून ७ वर्षांवर गेलं की गाडीसाठी २ लाख ८६ हजार जास्त मिळतात आणि त्यापायी १३,००० चे ३६ जादा हप्ते भरायचे असतात, म्हणजे ४ लाख ६८ हजार. एवढ्या पैशांची ती वरची गाडी आहे का, हा खरा प्रश्न. "महिन्याला किती जमेल?" या प्रश्नाला समोरच्याने उत्तर मागितलं तर मी तो आकडा सांगत नाही. तो सांगितला की पुढची सगळी बोलणी मुदत ताणून होतात आणि किंमत, दर, अवांतर सामान यांवर कोणी बोलतच नाही.

हे सगळे आकडे स्प्रेडशीटमध्ये चार ओळींत निघतात. पहिल्या ओळीत हप्ता, दुसऱ्या ओळीत १३,००० च्या हप्त्यात बसणारं कर्ज, तिसऱ्या ओळीत एकूण व्याज आणि चौथ्या ओळीत ८४ पैकी ३६ हप्ते भरल्यावर उरलेली शिलक:

```
=PMT(9%/12, 48, -520000)
=PV(9%/12, 48, -13000)
=PMT(9%/12, 48, -520000)*48-520000
=PV(9%/12, 84-36, -12871)
```

चौथी ओळ सहसा कोणी काढत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोटेशनप्रमाणे ८ लाख ७ वर्षांसाठी घेतले, तर ३ वर्षं एकही हप्ता न चुकवता भरूनही ५ लाख १७ हजार शिल्लक राहतात. भरलेले असतात ४ लाख ६३ हजार, मुद्दल उतरलेलं असतं फक्त २ लाख ८३ हजार. गाडी तोवर निम्म्या किमतीवर आली असं धरलं, तर ती विकून ५ लाख येतील. म्हणजे गाडी विकायची तर वरून १७ हजार आपण घालायचे. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तरी तीच अडचण: विमा गाडीच्या उतरलेल्या किमतीवर मिळतो, तो पैसा आधी कर्ज देणाऱ्याकडे जातो, आणि उरलेलं कर्ज गाडी नसतानाही फेडावं लागतं. ५ लाख २० हजारांच्या ४ वर्षांच्या कर्जात याच टप्प्यावर १ लाख ४८ हजार शिल्लक असतात. गाडी विकली तर सव्वातीन लाखांहून जास्त हातात राहतात. शिलक आणि गाडीची विक्रीची किंमत यांत कर्जाच्या कुठल्याही टप्प्यावर शिलक वर जाणार असेल, तर कर्ज मोठं आहे किंवा मुदत लांब आहे.

मग रोख किती भरायचं? बचत ६ लाख होती. त्यातले दीड लाख अडीअडचणीचे म्हणून बाजूला ठेवले आणि त्यांना या व्यवहारात धरलंच नाही. ते यात ओतून कर्ज कमी केलं आणि पुढच्या वर्षी दवाखाना निघाला, तर मिळणारं कर्ज ९ टक्क्यांपेक्षा बरंच महाग असतं. उरले साडेचार लाख.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो ऐकायला इतका बरोबर वाटतो की थोडं थांबून सोडवायला हवा. "एक लाख जास्त भरू नका, मुदत ठेवीत टाका. साडेसहा टक्के दराने ५ वर्षांत ३८ हजार मिळतील. त्याच लाखावर कर्जाचं व्याज फक्त साडेचोवीस हजार. तुमचा फायदाच आहे." दोन्ही आकडे खरे आहेत. तरीही ९ टक्क्यांनी घेऊन साडेसहाने ठेवून फायदा कसा होईल? चूक अशी की ठेवीतला लाख ५ वर्षं अख्खा राहतो, कर्जातला लाख मात्र दर महिन्याला फिटत जातो, आणि तो फेडणारे २,०७६ आपल्याच खिशातून जातात. ते या हिशोबात कोणी मोजलेलेच नसतात. बरोबर तुलना अशी: एकाने लाख ठेवीत टाकला आणि कर्जाचा हप्ता भरत राहिला, त्याच्याकडे ५ वर्षांनी १ लाख ३८ हजार. दुसऱ्याने लाख रोख भरला आणि वाचलेले २,०७६ दरमहा त्याच साडेसहा टक्क्यांनी साठवले, त्याच्याकडे १ लाख ४६ हजार ७००. दुसरा साडेआठ हजारांच्या आसपास पुढे आहे, आणि ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर आणखी थोडा. फक्त त्याने ते २,०७६ खरंच साठवायला हवेत.

साडेचार लाख भरले की १० लाखांच्या गाडीला साडेपाच लाखांचं कर्ज लागत होतं. ४ वर्षांत हप्ता १३,६८७, म्हणजे मर्यादेच्या ६८७ वर. ५ वर्षांत ११,४१७, आरामात बसणारा, पण व्याज १ लाख ७ हजारांवरून १ लाख ३५ हजारांवर. या टप्प्यावर बहुतेक जण पाच वर्षं घेऊन मोकळे होतात. त्याआधी मी १० लाखांची फोड मागितली. गाडीची किंमत, कर, नोंदणी आणि विमा यांखाली अवांतर सामानाचे ३०,००० निघाले: सीट कव्हर, मॅट, कोटिंग, क्रोमच्या पट्ट्या. कर्जात टाकलेली प्रत्येक वस्तू हप्त्यावर मिळते. ३०,००० चं हे सामान ५ वर्षांच्या कर्जात ३७,३६५ ला पडतं, आणि मॅट त्याआधी फाटतात. तसंच पहिल्या वर्षाच्या विम्याचं: संरक्षण एका वर्षाचं, त्यावरचं व्याज मात्र पूर्ण मुदतभर. म्हणून विमा आणि नोंदणीसारखे खर्च रोख रकमेतून गेले असं धरायचं आणि कर्ज फक्त गाडीवर राहू द्यायचं. अवांतर सामान पूर्ण काढलं. गाडी ९ लाख ७० हजारांवर आली, कर्ज ५ लाख २० हजारांवर, आणि ४ वर्षांचा हप्ता १२,९४० वर.

कोटेशनशी फरक प्रामाणिकपणे मांडायचा तर असा: तिथे एकूण १२ लाख ८१ हजार गेले असते, इथे १० लाख ७१ हजार जातात. फरक २ लाख १० हजारांचा, पण त्यातले ३० हजार न घेतलेल्या सामानाचे, आणि त्यासाठी सुरुवातीला अडीच लाख रोख जास्त भरावे लागले. व्याजातला निव्वळ फरक १ लाख ८० हजार.

दर ठरवताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे फ्लॅट दर. "फक्त ५ टक्के" असं कोणी म्हटलं की विचारायचं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅटमध्ये पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज धरतात, जणू काही फिटलंच नाही. ६ लाखांवर ५ टक्के फ्लॅट ५ वर्षांत दीड लाख होतात, हप्ता १२,५००, आणि खरा दर निघतो ९.१५ टक्क्यांच्या आसपास. खात्री करायला हे सूत्र पुरतं:

```
=RATE(60, -12500, 600000)*12
```

दुसरं, पाव टक्क्याचा मोह. एकाने ८.७५ टक्के दर दिला आणि प्रक्रिया शुल्क ८,००० सांगितलं, दुसऱ्याने ९ टक्के आणि शुल्क २,०००. ५ लाख २० हजारांवर ४ वर्षांत पाव टक्क्याने हप्ता १२,९४० वरून १२,८७९ वर येतो, एकूण बचत साधारण २,९५०. शुल्कात मात्र ६,००० जास्त जातात. छोट्या मुदतीत दराचा फरक कमी बोलतो आणि शुल्क जास्त. मुदत लांबली की उलट.

ज्यांचं उत्पन्न दरमहा सारखं नसतं, त्यांच्यासाठी मात्र मी ४ वर्षांचा आग्रह धरणार नाही. हेच कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १०,७९४. दरमहा २,१४६ जादा भरले की ते बरोबर ४८ महिन्यांत फिटतं आणि व्याजही ४ वर्षांइतकंच पडतं. मंदीच्या महिन्यात बंधन मात्र १०,७९४ चंच असतं. पण हे चालतं ते तीन अटी पूर्ण होत असतील तरच, आणि त्या करारात लिहिलेल्या हव्यात, तोंडी नकोत. जादा रक्कम मध्येच भरता येते का, की पहिलं वर्ष बंदी आहे किंवा वर्षातून एकदाच मुभा आहे. तिच्यावर दंड आहे का, आणि तो भरलेल्या रकमेवर की सगळ्या शिलकीवर. आणि रक्कम भरल्यावर हप्ता कमी करतात की मुदत. हप्ता कमी झाला आणि मुदत तीच राहिली, तर अपेक्षित व्याज वाचत नाही, आणि हे भरणाऱ्याला दोन-तीन वर्षांनी खात्याचा उतारा पाहिल्यावर कळतं. प्रत्येक जादा भरण्यानंतर नवीन परतफेडीचं वेळापत्रक मागून त्यातली शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी. ती अलीकडे सरकलेली नसेल, तर त्याच दिवशी अर्ज द्यावा.

सही करण्याआधी वेळापत्रकातले तीन आकडे स्वतःच्या शीटशी जुळवले: पहिल्या हप्त्यातलं व्याज ३,९००, हप्त्यांची संख्या ४८, शेवटची शिलक शून्य. पहिल्या हप्त्यातलं व्याज ३,९०० हून जास्त दिसलं तर बहुधा दोन कारणं असतात. एखादं शुल्क किंवा विमा न विचारता मुद्दलात मिसळलेला असतो, किंवा पैसे दिल्याच्या दिवसापासून हप्त्याच्या तारखेपर्यंतचे जादा दिवस मोजलेले असतात. या कर्जावर एका दिवसाचं व्याज १२८ रुपये होतं. आमच्या कागदावर २० दिवसांचे २,५६० वेगळे दिसत होते. हप्त्याची तारीख अलीकडे आणून ते ५ दिवसांवर आणले आणि मग सही केली.